कोणती जाहिरात थांबवायची?

दहावीचा निकाल जवळ आला की अकरावी-बारावी सायन्सचे क्लासेस फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती सुरू करतात. बजेट मोजकं असल्यामुळे एखादी जाहिरात थांबवावी लागते. तो निर्णय सहसा दोन आकड्यांवर होतो: सीटीआर, म्हणजे जाहिरात दिसलेल्या दर शंभर वेळांमागे किती क्लिक पडले, आणि एका लीडमागे किती खर्च आला. हे आकडे उपयोगी आहेत, पण त्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो.

गैरसमज १: सीटीआर जास्त, ती जाहिरात चांगली.

वस्तुस्थिती: आधी कोणता सीटीआर पाहताय ते तपासा. CTR (all) मध्ये लाइक, कमेंट आणि फोटो मोठा करून पाहणंही मोजलं जातं. गुणवंतांच्या फोटोंवर त्यांचे नातेवाईक आणि मित्र भरपूर क्लिक करतात, पण त्यांना प्रवेश घ्यायचा नसतो. म्हणून CTR (link click-through rate) पाहा. तोही फक्त कुतूहल मोजतो. लिंकवर क्लिक भरपूर आणि लीड नगण्य असतील, तर जाहिरात थांबवण्याआधी फॉर्म तपासा.

गैरसमज २: महाग लीड देणारी जाहिरात आधी बंद करावी.

वस्तुस्थिती: एक काल्पनिक हिशोब पाहू. दोन्ही जाहिरातींवर प्रत्येकी ६,००० रुपये खर्च झाले. पहिलीत टॉपर्सचे फोटो आणि ‘मोफत मार्गदर्शन’. तिला ६० लीड मिळाले, दर लीड १०० रुपये. दुसरीत फी, बॅचची वेळ आणि पत्ता स्पष्ट लिहिलेला; तिला २० लीड, दर लीड ३०० रुपये. फोन केल्यावर पहिलीतले ६ जण डेमो लेक्चरला आले आणि एक प्रवेश झाला. दुसरीतले १० आले, चार प्रवेश झाले. म्हणजे एका प्रवेशाचा खर्च पहिलीत ६,००० आणि दुसरीत १,५०० रुपये. फी आधीच वाचल्यामुळे ज्यांना ती परवडणार नव्हती त्यांनी फॉर्म भरलाच नाही. लीड महाग झाले ते त्यामुळेच. थांबवायची ती पहिली.

गैरसमज ३: दोन दिवसांत लीड नाही, म्हणजे जाहिरात फसली.

वस्तुस्थिती: दिवस मोजू नका, खर्च मोजा. तुम्हाला ३०० रुपयांचा लीड चालणार असेल आणि ६०० रुपयांत एकही आला नसेल, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. चांगल्या जाहिरातीच्या बाबतीतही साधारण सातांतून एकदा असं घडतं. ९०० रुपयांनंतरही लीड शून्य, असं चांगल्या जाहिरातीच्या बाबतीत साधारण विसांतून एकदाच घडतं. तेव्हा थांबवायला हरकत नाही.

फेसबुकवरून लीडची यादी डाउनलोड केली की त्यात ad_name हा रकाना मिळतो. त्याच्या शेजारी ‘डेमोला आले’ आणि ‘प्रवेश झाला’ हे दोन रकाने जोडा, ऑफिसमधून रोज भरून घ्या आणि जाहिरात थांबवण्याचा निर्णय त्यावरूनच करा.