उसन्या पैशांचे शेअर आणि ६६.६७ डॉलरची रेघ

अमेरिकेत मार्जिनवर शेअर घेताना किमान निम्मी रक्कम स्वतःची लागते. समजा, १०० डॉलरचे १०० शेअर घेतले: ५,००० डॉलर आपले, ५,००० ब्रोकरचे कर्ज. भाव १२० झाला की आपला वाटा ७,००० होतो, म्हणजे शेअर २० टक्के चढला आणि नफा ४० टक्के. भाव ८० झाला तर तोटाही ४० टक्केच. व्याज वेगळे, ते कोणी आनंदाने मोजत नाही!

भाव पडला तरी कर्ज ५,०००च राहते. सारी घट आपल्याच वाट्यातून जाते. नियमानुसार हा वाटा शेअरांच्या चालू किमतीच्या किमान २५ टक्के हवा. म्हणजे कर्ज ७५ टक्क्यांवर जाता कामा नये. ५,००० भागिले ०.७५ म्हणजे ६,६६७, प्रतिशेअर ६६.६७ डॉलर. त्याखाली भाव गेला की मार्जिन कॉल. अनेक ब्रोकर ३० टक्के मागतात, तेव्हा ही रेघ ७१.४३वरच येते.

भाव ६० झाला तर आपला वाटा १,०००, हवा १,५००. तूट फक्त ५००ची. पण रोख भरली नाही, तर ती विक्रीतून भरायला २,००० डॉलरचे शेअर विकावे लागतात, कारण विक्रीचे पैसे कर्जात जातात, आपला वाटा वाढत नाही. ब्रोकर हे न विचारताही विकू शकतो.