खिडकीचा पत्ता

बांधकाम सुरू होण्याआधीच बिल्डरच्या माहितीपत्रकात जो दिवाणखाना छापलेला असतो, तो बहुतेक वेळा फोटो नसतो. भिंती, सोफा, खिडकीबाहेरचं आकाश, सगळं संगणकात रचून त्यावर उजेडाचा हिशेब केलेला असतो. हे काम फुकट करून देणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर. त्यातलं सायकल्स हे इंजिन उजेड जवळजवळ खऱ्यासारखा पाडतं. उघड्या अंगणातलं चित्र ते झटपट काढतं. बंद खोलीत एकाच खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल, तर मात्र त्याची दमछाक होते. भिंतींवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, आणि मधूनच एखादा पांढराशुभ्र ठिपका विनाकारण चमकतो. दाण्यांना या धंद्यात नॉइज म्हणतात, ठिपक्यांना फायरफ्लाय. रात्रभर रेंडर लावूनही ते पूर्ण जात नाहीत.

याचं कारण सायकल्स उजेड कसा शोधतं, त्यात आहे. खऱ्या जगात उजेड सूर्यापासून निघून डोळ्यापर्यंत येतो. सायकल्स उलटं चालतं: कॅमेऱ्यातून एक किरण सोडतं, तो भिंतीवर आपटतो, आणि मग त्या जागेवरून ‘इथे उजेड कुठून येतोय?’ याची विचारपूस सुरू होते. सगळ्या दिशा तपासणं शक्य नसतं, म्हणून काही दिशा यदृच्छेने निवडल्या जातात. अशा एका चाचणीला सँपल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी शेकडो सँपल घेऊन त्यांची सरासरी काढली जाते.

एक खोली डोळ्यासमोर आणू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, खाली कोटा फरशी, समोरच्या भिंतीत 1.2 × 1.5 मीटरची एक खिडकी आणि तिला लोखंडी ग्रिल. आता मागच्या भिंतीवरचा, खिडकीच्या बरोबर समोरचा एक बिंदू घ्या. तिथून आकाशाच्या दिशेने चाचणी घ्यायची म्हणजे सायकल्स भोवतालच्या अख्ख्या गोलातली एखादी दिशा उचलतं, कारण त्याच्या लेखी आकाश चहूबाजूंनी आहे. त्या बिंदूवरून खिडकी मात्र गोलाचा जेमतेम 0.9 टक्का भाग व्यापते. आकाश सगळीकडे सारखंच उजळ धरलं, तर हजार दिशांपैकी साधारण नऊ खिडकीबाहेर पडतील. बाकीच्या भिंतीला, छताला, जमिनीला धडकून फुकट जातील. शेजारच्या पिक्सेलला नऊऐवजी सहा किंवा तेरा मिळतील, आणि नशिबातला हा फरक भिंतीवर दाणे होऊन उमटतो. सँपल वाढवून भागत का नाही? भागतं, पण फार महागात. नॉइज निम्म्यावर आणायचा तर सँपल चौपट लागतात, पाव करायचा तर सोळापट.

सायकल्सला हवी असते ती फक्त एक माहिती: या खोलीत आकाश दिसतं ते अमुक एका चौकटीतून. 2015 च्या जुलैमध्ये आलेल्या ब्लेंडर 2.75 पासून ही माहिती देण्याची सोय आहे. तिला लाइट पोर्टल म्हणतात. पोर्टल स्वतः उजेड देत नाही आणि कॅमेऱ्याला दिसतही नाही. ते ठेवलं की आकाशासाठीच्या चाचण्यांचा मोठा वाटा त्या चौकटीच्या दिशेने वळतो. ग्रिल, खिडकीबाहेरचं झाड, समोरची इमारत यांचा अडथळा पूर्वीसारखाच मोजला जातो, कारण किरण चौकटीपाशी थांबत नाही, पुढे आकाशापर्यंत जातो.

करायचं ते असं. Add मेनूतून Light, मग Area घ्या. Shape मध्ये Rectangle निवडून लांबी-रुंदी 1.2 आणि 1.5 द्या, आणि हा आयत खिडकीच्या बाहेरच्या कडेला नेऊन बसवा. रेंडर इंजिन Cycles असेल तर दिव्याच्या सेटिंगमध्ये Portal नावाची चौकट दिसते. तिच्यावर खूण केली की काम झालं. एरिया लाइटच्या मधून एक रेघ निघालेली दिसते, ती खोलीच्या आत वळलेली हवी. आयत उघड्या जागेपेक्षा लहान नको, पण ग्रिलच्या प्रत्येक गाळ्याला वेगळं पोर्टल लावण्याचाही खटाटोप नको. एका खिडकीला एक पुरतं. संख्या वाढली की प्रत्येक सँपलचा वेळ वाढतो. आयत भिंतीच्या आतल्या कडेला लावला, तर खिडकीच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या त्याच्या पाठीमागे राहतात आणि नेमक्या तिथेच दाणे उरतात. बाहेरची कड घ्यायची ती यासाठी.

पोर्टल बरोबर लागलं की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खोलीचा एकूण उजेड आधी होता तेवढाच राहायला हवा. कमी व्हायचे ते फक्त दाणे. खोली एकदम उजळली तर समजा की Portal वर खूण करायची राहिली आणि तुम्ही खिडकीत चक्क एक दिवा लावला आहे. काही जण मुद्दाम असा दिवा लावतात. दाणे त्यानेही कमी होतात, पण आत येणारा उजेड मग आकाशाचा राहत नाही, तुम्ही ठरवलेल्या रंगाचा होतो, आणि खिडकीबाहेरच्या झाडाची सावली त्यात पडत नाही. माहितीपत्रकातल्या कित्येक खोल्या निर्जीव दिसतात, त्यामागे मला हेच कारण वाटतं. उलट, काहीच फरक पडला नाही तर ती आतली रेघ बहुधा बाहेर तोंड करून आहे. अशा वेळी ब्लेंडर चूक दाखवत नाही; चित्र फक्त पूर्वीइतकंच दाणेदार येतं. तुलना करताना डीनॉइझर बंद ठेवावा आणि दोन्ही वेळा सँपल नव्हे, वेळ सारखा द्यावा. Sampling खाली Time Limit ची सोय त्यासाठी आहे. पोर्टलमुळे एकेक सँपल जरा सावकाश होतं, म्हणून नुसती सँपलची तुलना त्याला झुकतं माप देते.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट: काच. खिडकीत काच बसवली आणि तिला Glass BSDF हे मटेरियल दिलं, की पोर्टलचा उपयोग जवळजवळ संपतो. भिंतीवरून आकाशाकडे सरळ सोडलेल्या चाचणी-किरणाला सायकल्समध्ये अशी काच भिंतीसारखीच अडवते. काचेतून वळून जाणारा उजेड वेगळ्या मार्गाने, अंदाधुंद उसळ्यांतून सापडावा लागतो, आणि दाणे परत येतात. Refractive Caustics बंद असेल तर तोही सापडत नाही; खोलीत अंधार दाटतो आणि माणूस सूर्याची तीव्रता वाढवत बसतो. उपाय दोन. सपाट खिडकीची काच काढूनच टाकावी, दुरून कोणाला कळत नाही. काचेतलं प्रतिबिंब हवंच असेल तर Mix Shader मध्ये Glass BSDF आणि Transparent BSDF एकत्र करावेत, आणि त्याच्या Fac ला Light Path नोडचं Is Shadow Ray जोडावं. मग कॅमेऱ्याला काच दिसते, पण चाचणी-किरणाला ती आडवी येत नाही. झिरझिरीत पडद्याचीही हीच तऱ्हा. Translucent BSDF चा पडदा छान उजळतो, पण त्याच्या मागची खोली पोर्टलला मुकते.

पोर्टलची दुसरी मर्यादा छत पाहिलं की कळते. खिडकीचा वरचा काठ छताच्या खाली असतो. त्यामुळे छतावरच्या बिंदूवरून खिडकीबाहेर पाहिलं तर आकाश दिसत नाही, अंगण दिसतं. बाहेर जमीन रचलेली असेल तर छताकडून पोर्टलच्या दिशेने गेलेली प्रत्येक चाचणी त्या जमिनीवर आपटून वाया जाते. छताला उजेड मिळतो तो अंगणावरून आणि कोटा फरशीवरून उसळलेला. असा उजेड शोधण्यात पोर्टल मदत करत नाही. खिडकी ज्या भिंतीत आहे, तिच्या आतल्या बाजूचंही तसंच. तिला स्वतःतली खिडकी दिसणारच नाही. म्हणून फरशी आणि समोरची भिंत स्वच्छ झाल्यावरही छत जरा दाणेदार राहिलं, तर पोर्टल चुकलं असं नाही. तेवढ्यासाठी Noise Threshold ठेवावा: सायकल्स स्वच्छ झालेले पिक्सेल सोडून देऊन उरलेला वेळ छतावर खर्च करतं.

फायरफ्लायचा हिशेबही इथेच कळतो. टेबलावर एक स्टीलचा तांब्या आहे आणि त्यावर ऊन पडलंय असं समजा. भिंतीवरून उसळलेला एखादाच किरण नेमका तांब्याच्या त्या चकाकत्या भागावर जाऊन पुढे सूर्याला भेटतो आणि 5000 एवढी किंमत घेऊन परततो. पिक्सेलला 256 सँपल असतील तर एवढ्या एका किरणाने सरासरी 19 च्या वर जाते, आणि शेजारचे पिक्सेल 0.3 वर असतात. तो पांढरा ठिपका हा. पोर्टल इथे काही करू शकत नाही, कारण वाट खिडकीतून नव्हे, तांब्यावरून सापडायची आहे. इथे उपयोगी पडतं ते Light Paths मधलं Clamping. त्यातल्या Indirect Light ची मर्यादा मुळात 10 असते. त्या मर्यादेत तोच किरण पिक्सेलला जेमतेम 0.04 देतो आणि ठिपका नाहीसा होतो. बदल्यात तांब्याची भिंतीवर पडणारी झळाळीही जाते. आकडा एक-दोनवर आणला तर खोलीतला खराखुरा उसळलेला उजेडसुद्धा कापला जाऊन कोपरे मळकट होतात. म्हणून मी आधी Filter Glossy वाढवून पाहीन, भिंतींचा पांढरा रंग 1.0 वरून 0.8 वर आणेन आणि मगच क्लॅम्पला हात लावेन.

आकाशासाठी एचडीआरआय म्हणजे भोवतालचा पूर्ण गोल फोटो वापरला असेल आणि त्यात सूर्यही असेल, तर आणखी एक पेच येतो. पोर्टल खिडकीच्या सगळ्या भागांकडे सारखंच पाहतं. तिच्या एका कोपऱ्यात सूर्याचा टिचभर गोळा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सूर्य नसलेलं, ढगाळ किंवा सावलीतलं आकाश घेऊन ऊन वेगळ्या Sun दिव्याने पाडणं सोयीचं. त्या दिव्याची दिशा ठरलेली असल्यामुळे सायकल्सला तो शोधावा लागत नाही. Sky Texture वापरत असाल तर त्यातलं Sun Disc बंद करून हेच करता येतं. Sun दिव्याचा Angle साधारण अर्धा अंश ठेवला की ग्रिलच्या सावल्यांच्या कडा खऱ्या उन्हासारख्या पडतात: खिडकीजवळ धारदार, फरशीवर दूर गेल्या की थोड्या विरलेल्या.

त्याच खोलीचं रात्रीचं चित्र काढायचं असेल, आत ट्यूब लागलेली आणि बाहेर काळोख, तर पोर्टल लपवून ठेवावं. बाहेरून येण्यासारखं काही नसताना खिडकीकडे चाचण्या पाठवण्यात नुसता वेळ जातो. रेंडरमधून वगळण्यासाठी Outliner मधला कॅमेऱ्याचा बटण बंद केलं की पुरे; सकाळच्या चित्राला ते पुन्हा लागणारच असतं.