‘पुढच्या महिन्यापासून नक्की!’

सोमवारपासून पहाटे फिरायला जायचे, असा संकल्प रविवारी रात्री करताना मनाला किती प्रसन्न वाटते! सोमवारी पहाटे गजर वाजतो तेव्हा मात्र तेच मन पांघरुणाची बाजू घेते. घरातील बचतीचेही नेमके हेच होते. ‘या महिन्यात लग्नाचा अहेर आहे, पुढच्या महिन्यात शाळेची फी आहे, त्यानंतर नक्की सुरुवात करू,’ असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. असे म्हणणारी माणसे उधळी नसतात. बचतीचे महत्त्व त्यांना पटलेले असते. म्हणूनच उतारवयात औषधोपचारांसाठी मुलांपुढे हात पसरण्याची वेळ आली की त्यांना स्वतःचाच राग येतो.

हा दोष आपण सहसा आळसाच्या किंवा दुबळ्या मनोनिग्रहाच्या माथी मारतो. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या अभ्यासकांना मात्र त्यामागे एक नियमितपणा आढळला. तो समजून घेतला तर उपायही सापडतो.

जवळचे मोठे, दूरचे लहान

एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आज हजार रुपये मिळणार असतील आणि एक महिना थांबल्यास अकराशे, तर आपण काय निवडाल? पुष्कळजण आजचे हजार घेतात. आता हाच प्रश्न वर्षभर पुढे ढकलू. बारा महिन्यांनी हजार रुपये की तेरा महिन्यांनी अकराशे? येथे बहुतेकांना वाटते, वर्षभर थांबायचेच आहे तर आणखी एक महिना काय जड आहे? दोन्ही प्रश्नांत प्रतीक्षा एका महिन्याचीच आहे आणि लाभही शंभर रुपयांचाच. तरीही उत्तर उलटते.

कारण असे, की भविष्यातील वस्तूची किंमत आपले मन समान गतीने कमी करत नाही. आजपासून पहिल्या काही दिवसांतच ती झपाट्याने घसरते आणि पुढे घसरण मंदावते. ‘हायपरबोला’ या नावाच्या वक्राचा आकार असाच असतो, म्हणून या प्रवृत्तीला ‘हायपरबोलिक डिस्काउंटिंग’ म्हणतात. हिशेबाने सांगायचे तर, मनातील किंमत काढण्यासाठी मिळणाऱ्या रकमेला ‘एक अधिक अधीरता गुणिले प्रतीक्षेचे महिने’ या आकड्याने भागावे. अधीरतेचा आकडा पाव धरू. मग महिन्यानंतरचे अकराशे रुपये आज 880 रुपयांएवढे भासतात, म्हणून हातातले हजार जिंकतात. वर्षभरानंतरचे हजार मात्र 250 एवढे आणि तेरा महिन्यांनंतरचे अकराशे सुमारे 259 एवढे भासतात. तेथे धीर जिंकतो.

याचाच अर्थ, दूरच्या बाबतीत आपण सारेच शहाणे असतो. ‘पुढच्या वर्षी पाच हजार बाजूला टाकीन’ हे म्हणणे खोटे नसते. म्हणताना ते मनापासूनच असते. पण ते ‘पुढचे वर्ष’ ‘आज’ होऊन दारात उभे राहिले की पारडे फिरते. निश्चय करणारे मन आणि तो पाळण्याची वेळ आलेले मन, ही जणू दोन वेगळी माणसे असतात.

काहीच न केल्यास काय होते?

या घोटाळ्यात दुसरी एक गोष्ट भर घालते. बचत सुरू करायची म्हणजे अर्ज भरा, योजना निवडा, रक्कम ठरवा, सह्या करा. हा त्रास आजचा असतो आणि फळ वीस वर्षांनंतरचे. त्यामुळे आपण काहीच करत नाही. म्हणूनच, आपण काहीच न केल्यास आपोआप कोणता पर्याय लागू होतो, याला अतोनात महत्त्व येते. अशा पर्यायाला ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

अमेरिकेत अनेक कंपन्यांमध्ये निवृत्तीसाठी पगारातून रक्कम कापून घेण्याची योजना असते, पण सहभाग ऐच्छिक असतो. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी 2001 साली अशाच एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे पूर्वी योजनेत येण्यासाठी अर्ज करावा लागे. 1998 मध्ये नियम उलटा झाला. नवा कर्मचारी आपोआप सभासद होई, पगाराचे 3 टक्के कापले जात आणि नको असेल त्याला बाहेर पडण्याची पूर्ण मोकळीक असे. योजनेचे लाभ तेच राहिले, तरी नव्या कर्मचाऱ्यांपैकी 86 टक्के योजनेत राहिले. तेवढीच नोकरी झालेल्या, पण जुन्या नियमाने आलेल्या कर्मचाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते.

पण याच अभ्यासात एक इशाराही होता. योजनेत राहिलेल्या नव्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश त्या 3 टक्क्यांवरच चिकटून बसले. निवृत्तीसाठी ती रक्कम अपुरी होती आणि स्वतः निवड केली असती तर काहींनी जास्तच टाकले असते. ज्या जडतेने त्यांना योजनेत ठेवले, तिनेच त्यांना खालच्या पायरीवर रोखून धरले.

वचन आजचे, कपात उद्याची

ही पायरी आपोआप वर कशी चढेल? रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी त्यावर एक युक्ती काढली. माणूस दूरच्या बाबतीत शहाणा असतो ना, मग त्याच्याकडून निर्णय आज घ्यावा आणि अंमल पुढे ठेवावा. शिवाय हातात आलेले पैसे कमी झालेले कोणालाच सोसत नाही. म्हणून कपात पगारवाढीच्या दिवशीच वाढवावी, म्हणजे घरी येणारी रक्कम पूर्वीपेक्षा घटणार नाही.

1998 मध्ये एका मध्यम आकाराच्या कारखान्यात याचा पहिला प्रयोग झाला. तेथील 286 कर्मचारी एका आर्थिक सल्लागाराला भेटले. सल्लागाराने बहुतेकांना ‘बचत एकदम पाच टक्क्यांनी वाढवा’ असे सुचवले. अवघ्या 79 जणांनी ते मानले. उरलेल्या 207 जणांपुढे नवा प्रस्ताव आला. आज काहीच वाढवू नका, मात्र पुढच्या प्रत्येक पगारवाढीला बचत तीन टक्क्यांनी वाढेल आणि वाटेल तेव्हा थांबता येईल. आता 162 जणांनी होकार दिला. चार पगारवाढींनंतर या गटाची सरासरी बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. सल्ला तत्काळ मानणाऱ्या उत्साही 79 जणांची बचत 4.4 वरून 9 टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि तेथेच थबकली. मागाहून निघालेले पुढे गेले, कारण दर वर्षी नव्याने निश्चय करण्याची गरजच त्यांना उरली नव्हती.

सक्ती नाही, दंड नाही, बक्षीसही नाही. केवळ वाट थोडी सोपी करून ठेवलेली. अशा हलक्या इशाऱ्याला इंग्रजीत ‘नज’ म्हणतात; शेजारी बसलेल्याने कोपराने हळूच खुणावावे तसा. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या विचाराचा मोठा वाटा होता.

आपल्या घरी हे कसे जमवावे?

आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीची कपात ही अनेक पगारदारांना सक्तीचीच असते, म्हणून ‘पीएफ आपोआप साठला’ असे आपण म्हणतो. पण दुकानदार, रिक्षाचालक किंवा शिकवणी घेणाऱ्या ताई यांच्यासाठी आपोआप असे काहीच घडत नाही. आपल्या गल्लीतील भिशी इतकी वर्षे टिकली ती उगीच नव्हे. ठरलेल्या तारखेला चारचौघींसमोर पैसे द्यायचे असतात, तेथे ‘पुढच्या महिन्यात’ चालत नाही. तथापि भिशीची रक्कम हाती येताच खर्चही होते आणि ती चालवणाऱ्याच्या सचोटीपलीकडे तिला कसलेच संरक्षण नसते.

बँकेला दिलेली कायमची सूचना हे काम अधिक सुरक्षितपणे करते. समजा, एका घरात दरमहा 30,000 रुपये पगार येतो आणि 1,500 रुपये आवर्ती ठेवीत जातात; हाती उरतात 28,500. दर वर्षी पगार 2,400 रुपयांनी वाढतो असे धरू. त्या वाढीचा एक-तृतीयांश, म्हणजे 800 रुपये, बचतीत जोडायचे असे आजच ठरवले, तर पहिल्या वाढीनंतर बचत 2,300 होईल आणि हाती 30,100 राहतील. चौथ्या वाढीनंतर पगार 39,600, बचत 4,700 आणि हाती 34,900. बचतीचे प्रमाण 5 टक्क्यांवरून सुमारे 12 टक्क्यांवर गेले आणि एकाही महिन्यात घरखर्चाची रक्कम आकड्याने घटली नाही.

येथे ‘आकड्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. महागाई पगाराइतकीच वाढत असेल, तर हाती उरलेल्या रकमेत पूर्वीइतके सामान येणार नाही. तेव्हा एक-तृतीयांशाऐवजी एक-पंचमांश वाटा ठरवावा. पण ठरवावा आजच.

तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवावी. महिनाअखेरीस ठेवली की खात्यात पुरेशी शिल्लक नसते, हप्ता परत जातो आणि काही बाबतीत बँक दंडही आकारते. आवर्ती ठेवीचा हप्ता सहसा मुदतभर तोच राहतो, म्हणून वाढीसाठी दर वर्षी नवी छोटी ठेव उघडावी लागते. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत मात्र दर वर्षी हप्ता आपोआप वाढण्याची सोय पहिल्याच अर्जात निवडता येते; तेथे मूल्य खालीवर होते, हे जाणूनच ती निवडावी.

दोन घरांना हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर तिच्यावरील व्याज वर्षाला 30 ते 40 टक्क्यांच्या घरात जाते. अशा वेळी आपोआप जाणारी रक्कम आधी त्या कर्जाकडे वळवावी. आणि आजारपणासाठी हाताशी काहीच नसेल, तर पहिली शिल्लक केव्हाही काढता येईल अशा खात्यात असावी, नाहीतर गरजेपोटी दीर्घ मुदतीची ठेव मोडली जाते. आपले जमते आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. एका बाजूने ठेव वाढत असताना दुसऱ्या बाजूने उधारी वाढत असेल, तर बचत होत नसून पैसा फक्त जागा बदलतो आहे.

हीच जडता आपल्याविरुद्धही वापरली जाते. तिकीट काढताना आधीच खूण केलेला विमा, पहिला महिना मोफत देऊन नंतर आपोआप पैसे कापणारी वर्गणी, ही त्याची उदाहरणे. खरी ‘नज’ ओळखायची ती दोन प्रश्नांनी : यातून बाहेर पडणे आत येण्याइतकेच सोपे आहे का, आणि लाभ माझा आहे की मांडणाऱ्याचा?

येत्या पगाराची वाट न पाहता आज रात्री घरातल्या दोघांनी एकत्र बसून दोनच गोष्टी कागदावर लिहाव्यात : पुढच्या पगारवाढीतील किती वाटा बाजूला जाईल आणि कोणत्या तारखेला. मग बँकेला तशी सूचना देऊन टाकावी. आज कसे होणार, याची चिंता नको. त्या दिवसाबाबत आपले आजचे मन पुरेसे शहाणे आहे. त्याचा शब्द तेवढा आताच घेऊन ठेवायचा.