काचेवरचा कॅरम

मोबाइलवरच्या कॅरममध्ये सोंगट्या एकमेकींवर आदळतच नाहीत. लाकडी चकती, चकाकणारा बोर्ड, कोपऱ्यातलं भोक, हे सगळं वरवरचं चित्र. खाली फोनच्या मेमरीत प्रत्येक चकतीपुरते मोजके आकडे असतात: केंद्र कुठे आहे, त्रिज्या किती, वजन किती, वेग किती आणि कोणत्या दिशेने. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, राणी आणि स्ट्रायकर धरून अशी वीस वर्तुळं. ‘टक्’ असा आवाज येतो तोही टक्कर झाल्याचं गणित आधी सुटल्यावरच.

हे गणित अखंड चालत नाही, टप्प्याटप्प्याने चालतं. बहुतेक गेममध्ये सेकंदाला साठ टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅम सगळी वर्तुळं वेगानुसार थोडी पुढे सरकवतो, मग कोण कोणावर चढलं ते तपासतो. दोन केंद्रांमधलं अंतर दोन त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं, की टक्कर झाली. मंद फटक्याला ही रीत पुरते. जोरदार ब्रेकला पुरत नाही.

एक फटका मोजून पाहू. स्पर्धेच्या नियमांनुसार स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि सोंगटीचा ३.१८ सेंटिमीटरपर्यंत असतो. त्यांच्या त्रिज्यांची बेरीज सुमारे ३.६५ सेंटिमीटर. स्ट्रायकर सेकंदाला सहा मीटर वेगाने निघाला असं धरलं, तर एका टप्प्यात तो दहा सेंटिमीटर पुढे जातो. आता समजा, एका टप्प्याला त्याचं केंद्र सोंगटीच्या केंद्रापासून पाच सेंटिमीटर अलीकडे आहे. अंतर ३.६५ पेक्षा जास्त, म्हणजे टक्कर नाही. पुढच्या टप्प्याला तो पाच सेंटिमीटर पलीकडे असतो. पुन्हा टक्कर नाही. समोरासमोर मारलेला स्ट्रायकर सोंगटीतून आरपार निघून गेला आणि प्रोग्रॅमला त्याची गंधवार्ताही नाही. गेम बनवणारे या दोषाला ‘टनेलिंग’ म्हणतात.

सोंगटी अशी सुटली तर निदान डोळ्यांना दिसतं. टक्कर उशिरा लक्षात येते, तेव्हाचा घोटाळा जास्त फसवा. स्ट्रायकर सोंगटीच्या मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूने चालला आहे असं समजा. खरा स्पर्श होतो त्या क्षणी दोन्ही केंद्रांना जोडणारी रेषा फटक्याच्या दिशेशी साधारण १६ अंशांचा कोन करते, आणि सोंगटीने त्याच रेषेत सुटायला हवं. पण प्रोग्रॅमने पाहिलं तेव्हा स्ट्रायकर सोंगटीच्या अंगावर चढलेला होता, त्याचं केंद्र जेमतेम एक सेंटिमीटर मागे उरलं होतं. आता तीच रेषा ४५ अंशांची दिसते. नेम बरोबर असूनही कट चुकतो, आणि खेळणारा दोष स्वतःच्या बोटाला देतो.

उपाय दहावीच्या पुस्तकातला आहे. दोन टप्प्यांमध्ये स्ट्रायकर सरळ रेषेत जातो असं धरून, केंद्रांमधलं अंतर नेमकं ३.६५ सेंटिमीटर कधी होईल हे विचारायचं. या प्रश्नातून एक वर्गसमीकरण तयार होतं. त्याचं लहान उत्तर म्हणजे स्पर्शाचा क्षण. प्रोग्रॅम स्ट्रायकरला तेवढाच पुढे नेतो, टक्कर सोडवतो आणि टप्प्यातला उरलेला वेळ नव्या वेगांनी पुरा करतो. वीस वर्तुळांच्या जोड्या १९० होतात. एवढी समीकरणं आजच्या फोनला जड नाहीत.

हे सगळं मुळापासून लिहिणारे मात्र थोडे. द्विमितीय गेमसाठी बॉक्स-टूडी नावाचं तयार इंजिन फुकट मिळतं. एरिन कॅटो यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स परिषदेत दाखवलेल्या एका छोट्या नमुन्यातून ते वाढत गेलं. अँग्री बर्ड्सचे पक्षी त्याच्याच जोरावर उडाले, आणि लोकप्रिय ‘युनिटी’ या साधनातली द्विमितीय टक्कर आतून तेच सोडवतं. वेगवान वस्तू स्थिर भिंतीतून आरपार जाऊ नये याची काळजी हे इंजिन आपण होऊन घेतं. हलत्या वस्तूंच्या बाबतीत मात्र त्याला सांगावं लागतं. त्याच्या मूळ आवृत्त्यांमध्ये स्ट्रायकरवर `bullet` अशी खूण करायची राहिली, की वरचा दोष बिनबोभाट परत येतो.

स्पर्शाचा क्षण सापडला, की कोणाला किती वेग मिळतो हा प्रश्न येतो. इथे कॅरमचा स्वभाव वजनांत आहे. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी साधारण पाच ग्रॅमची, म्हणजे तिप्पट फरक. धक्का फक्त केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत बसतो असं गेम धरतो आणि त्या रेषेला काटकोनात असलेला वेग तसाच ठेवतो. वेगळे होतानाचा वेग जवळ येतानाच्या वेगाच्या ८० टक्के राहतो असं मानलं, तर सेकंदाला दोन मीटर वेगाचा स्ट्रायकर थेट आदळल्यावर सोंगटी २.७ मीटर वेगाने सुटते. स्ट्रायकरकडे १.१ मीटर उरतो आणि तो तिच्या मागोमाग त्याच दिशेने जातो. भोकाजवळच्या सोंगटीला सरळ ठोकलं, की ती पडल्यावर स्ट्रायकरही आत जाऊन फाउल होतो, तो यामुळेच.

बिलियर्ड्सचा गेम उचलून त्यावर कॅरमचं चित्र चढवलं, तर इथेच चोरी पकडली जाते. बिलियर्ड्समधले चेंडू सारख्या वजनाचे असतात. तेच सूत्र सारख्या वजनांना लावलं, तर सोंगटीला १.८ मीटर मिळतात आणि स्ट्रायकरकडे जेमतेम ०.२ मीटर उरतात. सरळ फटक्यानंतर स्ट्रायकर जागच्या जागी थबकत असेल, तर त्या गेममधली वजनं कॅरमची नाहीत.

सोंगटी थांबते कशी, हा त्याहून नाजूक भाग. गेममध्ये आपण बोर्डाकडे वरून पाहत असतो. गुरुत्वाकर्षण पडद्याच्या आत, बोर्डाच्या दिशेने असायला हवं, पण सपाट इंजिनला ती दिशाच ठाऊक नाही. त्यामुळे बोर्डाचं घर्षण आपोआप मिळत नाही, वेगळं घालावं लागतं. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इंजिनमधली तयार सोय वापरून प्रत्येक टप्प्यावर वेगाचा ठरावीक हिस्सा कापणं. पण खऱ्या बोर्डावर तसं होत नाही. बोरिक पावडर टाकलेल्या लाकडावर चकती घसरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जवळपास सारख्याच मापाने कमी होतो, मग ती जोरात असो वा हळू. सेकंदाला एक मीटर वेग दर सेकंदाला एक मीटरने घटत असेल, तर सोंगटी ५० सेंटिमीटर जाऊन एका सेकंदात ठप्प होते. वेग दुप्पट केला, तर तिची मजल चौपट, म्हणजे दोन मीटर होते आणि ती कडांवर आपटत पुरी होते.

हिस्सा कापण्याच्या पद्धतीत दुप्पट वेगाला मजल फक्त दुप्पट होते. शिवाय वेग कधीच पुरता शून्य होत नाही. जोराचा फटका लवकर मरतो आणि हळू सोंगटी शेवटी उगाच रेंगाळत राहते. शेवटी इंजिनच तिला झोपवतं. बॉक्स-टूडीच्या जुन्या ठरावीक मापांप्रमाणे वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्या खाली अर्धा सेकंद राहिला, की वस्तू स्थिर धरली जाते. सगळं थांबल्यासारखं दिसूनही पुढच्याचा डाव सुरू व्हायला किंचित वेळ लागतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

कडेवरचा रिबाउंडही याच इंजिनच्या जन्मखुणा दाखवतो. एकावर एक रचलेली खोकी थरथरत राहू नयेत म्हणून त्यात `b2_velocityThreshold` नावाची मर्यादा होती, सेकंदाला एक मीटर. त्याहून हळू झालेल्या टक्करीत उसळी शून्य धरायची. खोक्यांना हे उपकारक, कॅरमला घातक. हळू आलेली सोंगटी कडेला लागते, तिचा कडेच्या दिशेचा वेग नाहीसा होतो आणि ती कडेला चिकटून घसरत राहते. शिवाय दोन वस्तूंमधला पाच मिलिमीटरपर्यंतचा शिरकाव हे इंजिन चालवून घेत असे. तीन सेंटिमीटरच्या सोंगटीला तो फार होतो. म्हणून जाणकार आतला बोर्ड ७४ सेंटिमीटरचा न ठेवता दहापट मोठा मांडतात आणि ही मर्यादा खाली आणतात.

दोन खेळाडू दोन शहरांत बसले, की नवी अडचण उभी राहते. फटका पाठवायला तीन आकडे पुरतात: स्ट्रायकर कुठे ठेवला, कोणत्या कोनात मारला, किती जोर लावला. उरलेलं दोन्ही फोनांनी आपापलं सोडवायचं. पण वेगवेगळ्या प्रोसेसरवर आणि वेगवेगळ्या तऱ्हेने तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये दशांशांची अखेरची घरं जुळतीलच असं नाही. नेहमीच्या आकड्यांत साधारण सात अंक भरवशाचे असतात, म्हणजे फरक एक कोटीत एका भागाएवढा. तो तेवढाच राहिला असता तर कोणाला कळलाही नसता. पण टक्कर चूक वाढवते. चकती ३० सेंटिमीटर जाऊन ३.६५ सेंटिमीटरच्या अंतरावर आदळली, तर दिशेतली चूक सुमारे आठपट होते. अशा सात टक्करींत ती वीस लाखपट होते आणि एक कोटीतल्या एका भागाची चूक बारा-एक अंशांवर जाते. एका फोनवर राणी भोकात, दुसऱ्यावर कडेला.

ब्रेकला हे सर्वांत आधी दिसतं. राणीभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा सोंगट्या घट्ट लावल्या, तर त्यांच्यात ४२ ठिकाणी स्पर्श असतो. इंजिन हे स्पर्श एकदम सोडवू शकत नाही. यादीतल्या क्रमाने एकेक घेतं आणि सगळ्यांवरून काही फेऱ्या मारतं. क्रम बदलला, की निकालही किंचित बदलतो. त्यामुळे अगदी मधोमध मारलेल्या ब्रेकनंतरही डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारखी फुटत नाही.

यावर दोन तोडगे वापरात आहेत. पहिला, सगळा हिशेब पूर्णांकांत करायचा. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी प्रत्येक फोनवर तंतोतंत सारखी येते, पण मग तयार इंजिन सोडून बरंच काही स्वतः लिहावं लागतं. दुसरा, निकाल एकाच जागी, बहुधा सर्व्हरवर, ठरवायचा. समोरच्याच्या फोनवर सोंगट्या स्थानिक गणिताने पळतात आणि सगळं थांबल्यावर सर्व्हरकडून आलेल्या जागांवर बसवल्या जातात. प्रतिस्पर्ध्याचा फटका संपता संपता एखादी थांबलेली सोंगटी कोणी न शिवता जराशी सरकली, तर त्या फोनचं उत्तर सर्व्हरच्या उत्तराशी जुळलं नव्हतं, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.