तुटलेल्या पट्टीची साक्ष

अमेरिकेत ओहायो नदीवर, पॉइंट प्लेझंट गावापाशी ‘सिल्व्हर ब्रिज’ नावाचा एक झुलता पूल होता. तो १९२८ साली रहदारीला खुला झाला. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास, वाहनांची गर्दी असतानाच, हा पूल पाहता पाहता नदीत कोसळला. ४६ माणसे दगावली. असा पूल पडला की लोक कारणे शोधू लागतात. कोणी वाऱ्याला दोष देतो, कोणी जादा वजनाला, तर कोणी घातपाताचा संशय घेतो. तपासनिसांना मात्र लोखंडालाच विचारावे लागते.

त्यासाठी नदीतले तुकडे बाहेर काढून ते एका मोकळ्या मैदानात मूळ रचनेप्रमाणे मांडण्यात आले. हा पूल तारांच्या दोरखंडावर नव्हे, तर पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना मोठे भोक असलेला गोल भाग असतो, त्याला ‘डोळा’ म्हणतात. डोळ्यातून जाड पिन घालून पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. इथे साखळीच्या प्रत्येक कडीत अशा दोनच पट्ट्या होत्या.

मांडलेल्या तुकड्यांत ३३० क्रमांकाच्या पट्टीचा डोळा तुटलेला आढळला. आता, पूल कोसळताना शेकडो भाग तुटतात. मग याच पट्टीला पहिली का मानायचे? उत्तर डोळ्याच्या दोन बाजूंत होते. खालची बाजू सरळ, जवळजवळ न वाकता, काच फुटावी तशी तुटली होती. वरची बाजू मात्र वाकून, ताणली जाऊन मग तुटली होती. म्हणजे आधी खालची बाजू गेली, सगळा भार वरच्या बाजूवर आला आणि तीही गेली. त्यानंतर उरलेली एकटी पट्टी पिनवरून निसटली आणि साखळी सुटली. कडीत चार पट्ट्या असत्या, तर एक तुटल्यावरही उरलेल्या तिघींनी भार पेलण्याची शक्यता होती.

खालच्या बाजूच्या तुटलेल्या पृष्ठभागावर, डोळ्याच्या आतल्या कडेशी, सुमारे तीन मिलिमीटर खोल जुनी भेग होती. तिच्यावर गंज चढलेला होता. ताज्या तुटलेल्या भागावर असा जुना गंज नसतो. तेव्हा ही भेग अपघाताच्या आधीपासून होती, हे नक्की. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. पण हे पोलाद कणखर असले तरी भेगेच्या बाबतीत सोशिक नव्हते, आणि त्या दिवशी थंडीही होती. एवढ्या भेगेतूनही ते एका झटक्यात चिरत गेले.

आता प्रश्न उरतो, भेग वाढली कशी? याला दोन वाटा संभवतात. धातूवर सतत ताण असेल आणि सोबत गंजवणारे वातावरण असेल, तर भेग हळूहळू आत सरकते. दुसरी वाट म्हणजे वाहने जाता-येता ताण कमी-जास्त होत राहतो आणि गंजाच्या साथीने धातू थकतो. थकव्याची भेग पृष्ठभागावर बारीक रेषा सोडते, पण गंज चढला की त्या रेषा वाचणे कठीण होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७० च्या अंतिम अहवालात म्हणूनच दोन्ही क्रियांचा संयुक्त परिणाम, असे नोंदवले. चाळीस वर्षांच्या काळात भेग घातक आकाराला पोहोचली, एवढे अहवाल सांगतो. दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, याचा हिशेब तो मांडत नाही. गंज भेग जुनी आहे हे सांगतो. तिची जन्मतारीख सांगत नाही.

अहवालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भेग डोळ्याच्या आत, पिनच्या आडोशाला होती. सांधा उकलल्याशिवाय ती त्या काळच्या कोणत्याही तपासणीत सापडली नसती. आणि पूल बांधला तेव्हा, गावाकडच्या मोकळ्या हवेत पुलाच्या पोलादात अशी भेग वाढू शकते, हेच ठाऊक नव्हते.

भेगेचा नेमका प्रकार अनिश्चित राहिला, म्हणून निर्णय अडला नाही. पहिला तुटलेला भाग, तुटण्याचा क्रम आणि भेगेचे जुनेपण या तीन गोष्टी पक्क्या होत्या. कृती करायला तेवढ्या पुरेशा होत्या. त्याच नदीवर सेंट मेरीज येथे याच धाटणीचा दुसरा पूल उभा होता. तो वाहतुकीला बंद करून १९७१ साली पाडण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम लागू झाले.