रचना मोडली म्हणजे नेमकं काय मोडलं?

27 सप्टेंबर 2024 रोजी निफ्टीने 26,277 चा त्या वेळचा सर्वकालीन उच्चांक गाठला. त्या दिवशी मंदीबद्दल बोलणारा माणूस शोधावा लागला असता. पुढच्या पाच महिन्यांत, 4 मार्च 2025 रोजी, हाच निर्देशांक 21,965 पर्यंत खाली आला होता. ही घसरण एका दिवसात कोसळून झाली नाही. ती पायरी पायरीने उतरली, आणि तेजी संपल्याची खूण चार्टवर ऑक्टोबरमध्येच उमटली होती. ती खूण कोणती, ती कशी वाचायची आणि ती कुठे फसवते, हे याच काळातल्या आकड्यांवर पाहू.

बाजार वर जातो तेव्हा सरळ जात नाही. थोडा चढतो, मग खाली येतो, पुन्हा चढतो. चढाव जिथे थांबला तो टॉप, उतार जिथे थांबला तो बॉटम. प्रत्येक नवा टॉप आधीच्या टॉपपेक्षा उंच आणि प्रत्येक नवा बॉटम आधीच्या बॉटमपेक्षा उंच असेल, तर तेजीची रचना शाबूत आहे. चार्टवाले यालाच हायर हाय आणि हायर लो म्हणतात. उतरते टॉप आणि उतरते बॉटम ही मंदीची रचना. शंभर वर्षांहून जुन्या डाऊ सिद्धांताचा गाभाही हाच आहे. चार्ल्स डाऊ या अमेरिकी पत्रकाराच्या लेखांवरून त्याच्यानंतरच्या लोकांनी तो सिद्धांत बांधला. हल्ली यूट्यूबवर त्याला नवनवी संक्षिप्त नावं मिळाली आहेत, माल मात्र जुनाच.

आता सप्टेंबर 2024 मध्ये या. महिन्याच्या सुरुवातीला निफ्टी 25,334 पर्यंत गेला, मग घसरून 9 सप्टेंबरला 24,753 वर टेकला आणि तिथून उठला. 12 सप्टेंबरला तो 25,400 च्या आसपास बंद झाला, म्हणजे आधीचा टॉप पार. तिथून पुढे 26,277. या चढावात लक्षात ठेवायचा आकडा कोणता? नवशिक्याची नजर टॉपवर असते. रचना वाचणारा 24,753 वर बोट ठेवतो. कारण ज्या बॉटमवरून नवा उच्चांक घडला, तिथे खरेदीदारांनी जोर लावला होता. भाव पुन्हा त्याच्या खाली गेला, तर त्या पातळीला ज्यांनी माल उचलला ते सगळे तोट्यात आले, आणि तिथे उभे राहून बाजार तोलून धरणारे आता उरले नाहीत, एवढं कळतं.

मधल्या वाटेवर 19 सप्टेंबरला आणखी एक छोटा बॉटम पडला होता, साधारण 25,376 वर. अशा लहान बॉटमना किती महत्त्व द्यायचं, यावर ट्रेडरांचे वाद होतात. माझं मत असं की छोटा बॉटम तुटणं हा इशारा, मोठा बॉटम तुटणं हा निकाल. इशाऱ्यावर नवी खरेदी थांबवावी, निकालावर बाहेर पडावं. दोन्हीला एकच वजन दिलं तर दर आठवड्याला तेजी संपल्याचा साक्षात्कार होत राहतो.

3 ऑक्टोबरला निफ्टी 25,250 वर बंद झाला. छोटा बॉटम तुटला. पश्चिम आशियात युद्धाचं सावट होतं, चीनच्या बाजारात अचानक उत्साह आला होता, आणि परदेशी गुंतवणूकदारांनी इथे विक्रीचा सपाटा लावला होता. त्या एका महिन्यात त्यांनी नव्वद हजार कोटी रुपयांहून अधिकचे शेअर विकले. 7 ऑक्टोबरला भाव 24,694 पर्यंत गेला, म्हणजे 24,753 च्याही खाली. पण दिवस संपताना निफ्टी 24,796 वर होता. मग रचना मोडली की नाही?

इथेच बरेच लोक घसरतात. दिवसभरात पातळीखाली डोकावणं आणि पातळीखाली बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक ठळक बॉटमच्या खाली शेकडो लोकांचे स्टॉपलॉस रांगेत लागलेले असतात. भाव तिथे पोचला की ते आपोआप विकले जातात, मोठा खरेदीदार तोच माल उचलतो आणि भाव परत वर येतो. म्हणून दिवसाच्या चार्टवर काम करणारे बहुतेक जण बंद भावावर निर्णय घेतात. 7 ऑक्टोबरला हा नियम पाळणारा थांबला. दोन दिवसांनी निफ्टी 25,234 पर्यंत उसळला तेव्हा त्याला बरंही वाटलं असेल. पण 25,234 हा 26,277 च्या पुष्कळ खाली असलेला टॉप होता. 17 ऑक्टोबरला बंद भाव 24,750 च्या रेषेवरच आला, तीन-चार अंकांनी खाली. अशा घासून जाण्याला मी तुटणं म्हणत नाही. 22 ऑक्टोबरला निफ्टी 24,472 वर बंद झाला, तेव्हा मात्र शंकेला जागा उरली नाही. उतरता टॉप आधीच झाला होता, आता उतरता बॉटमही झाला.

हे सगळं पैशांत मांडू. समजा स्विंग ट्रेडरकडे, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे पोझिशन धरणाऱ्याकडे, पाच लाखांचं भांडवल आहे आणि एका सौद्यात तो एक टक्का, पाच हजार रुपये, गमवायला तयार आहे. त्याने 12 सप्टेंबरला निफ्टीवरचा ईटीएफ घेतला, तेव्हा निर्देशांक 25,400. चुकल्याची खूण 24,750 च्या खाली, म्हणजे 650 अंक, अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. पाच हजारांच्या हिशेबात खरेदी साधारण 1 लाख 95 हजारांची बसते. खरेदीचा आकार इच्छेवर ठरत नाही, बॉटम किती लांब आहे त्यावर ठरतो.

उच्चांकाला त्याचा कागदावरचा नफा पावणेसात हजारांच्या घरात होता. तो टॉपला विकू शकला नसता, कारण टॉप हा टॉप होता हे नंतर कळतं. एखादा बॉटम किंवा टॉप ओळखायलाच त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन दिवसांच्या कॅंडल लागतात. ही या पद्धतीची किंमत आहे आणि ती दरवेळी मोजावी लागते. छोटा बॉटम तुटल्यावर 3 ऑक्टोबरला बाहेर पडला असता तर बाराशे रुपयांच्या आत तोटा. मोठ्या बॉटमची वाट पाहत 22 ऑक्टोबरच्या बंद भावाला विकलं असतं तर सात हजार शंभरच्या आसपास तोटा. पाच हजार ठरवले होते आणि सात हजार गेले, ही बंद भावाची वाट पाहण्याची किंमत. ज्याला ती परवडत नाही त्याने खरेदीच थोडी लहान ठेवावी. आणि ‘येईल परत’ म्हणत 4 मार्चपर्यंत बसला असता, तर त्याच सौद्यात पंचवीस हजार गेले असते.

रचना मोडली याचा अर्थ बाजार कोसळणारच असा होत नाही. बऱ्याचदा बाजार नंतर आडवा पडतो, महिनाभर कुठेच जात नाही. मोडलेली रचना एवढंच सांगते की ज्या कारणासाठी हा सौदा घेतला होता ते कारण संपलं. स्विंग ट्रेडरला तेवढं पुरतं. दहा वर्षांसाठी एसआयपी करणाऱ्याला या बातमीशी काही देणंघेणं नाही, आणि सगळ्यात महाग चूक बहुधा इथेच होते: सौदा तोट्यात गेला की ट्रेडर एका रात्रीत दीर्घकालीन गुंतवणूकदार होतो आणि वरून ॲव्हरेजही करतो.

ऑक्टोबरनंतर उलटी रचना चालू झाली. निफ्टी 21 नोव्हेंबरला 23,263 पर्यंत उतरला आणि दोन आठवड्यांत जवळजवळ सोळाशे अंक उसळून 5 डिसेंबरला 24,858 वर गेला. पडझड संपली म्हणून पुष्कळांनी तेव्हा खरेदी केली. पण 24,858 हा 25,234 च्या खालीच होता. जानेवारीच्या सुरुवातीचा टॉप 24,227, फेब्रुवारीचा 23,807. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा बुटकी.

मग 25 मार्च 2025 ला निफ्टी दिवसभरात 23,870 ला शिवून आला, म्हणजे फेब्रुवारीचा टॉप ओलांडला. मंदीची रचना मोडली? बंद भाव 23,669 होता, म्हणून नाही. पुढे 7 एप्रिलला अमेरिकी आयातशुल्काच्या धक्क्याने बाजार अकराशेहून अधिक अंक खाली उघडला आणि 21,744 पर्यंत गेला, मार्चच्या तळाच्या खाली. बंद झाला 22,162 वर, तळाच्या वर. दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंना एकेक हुलकावणी, आणि दोन्ही वेळा बंद भाव पाहणारा वाचला. ऑक्टोबरमध्ये त्याने भरलेली फी इथे वसूल झाली म्हणायची. मात्र 7 एप्रिलच्या त्या सकाळी ज्याचा स्टॉपलॉस मधल्या पोकळीत कुठेतरी होता, त्याला ठरवलेला भाव मिळालाच नाही. बाजार जिथे उघडला तिथेच त्याचा माल गेला. रात्रीत येणाऱ्या बातमीपुढे कोणतीही रेषा टिकत नाही. तिथे खरेदीचा लहान आकार हाच काय तो बचाव.

21 एप्रिलला निफ्टी 24,126 वर बंद झाला. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही टॉप बंद भावाने पार झाले. मंदीची रचना मोडली होती, पण विकत घ्यायचं म्हटलं तर शेवटचा बॉटम 21,744 वर, जवळजवळ दहा टक्के खाली. पाच हजारांच्या जोखमीत जेमतेम पन्नास हजारांचा माल बसला असता. अनुभवी माणूस अशा वेळी एक चढता बॉटम तयार होण्याची वाट पाहतो. तो आला सीमेवरच्या संघर्षाच्या दिवसांत. 9 मे रोजी निफ्टी 23,936 पर्यंत उतरला, आणि शस्त्रसंधीनंतरच्या सोमवारी, 12 मे रोजी, नऊशेहून अधिक अंक उसळून 24,925 वर बंद झाला. मधला टॉप एका झेपेत मागे पडला. घेणाऱ्याला भाव आठशे अंकांनी महाग मिळाला, पण चुकल्याची खूण आता चार टक्क्यांवर आली होती, आणि त्याच पाच हजारांत सव्वा लाखाचा माल बसत होता.