मॅडमचं काम बदललं, मग आमचे पगार कोण बघणार?

17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टच्या फोन विभागातल्या लोकांना त्यांच्या प्रमुखांचं, स्टीफन इलॉप यांचं, एक लांबलचक पत्र आलं. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टनं घेतला त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. पत्राची सुरुवात 'हॅलो देअर' अशी, गप्पा मारायला बसल्यासारखी. मग विंडोजचं धोरण, मग महागडे आणि स्वस्त फोन. वर्षभरात अंदाजे 12,500 जणांच्या नोकऱ्या जाणार, ही खरी बातमी यायला बरंच खाली जावं लागत होतं. ते पत्र आजही उदाहरण म्हणून काढलं जातं, ते त्यातल्या धोरणासाठी नाही.

इलॉप यांच्यापुढचा प्रसंग कपातीचा होता. बहुतेक कचेऱ्यांत होणारी फेररचना त्याहून कितीतरी लहान असते. कोणाची नोकरी जात नाही, फक्त कोणाकडचे ग्राहक काढून दुसऱ्याला दिले जातात, कोणाच्या हाताखालचे लोक हलतात. मात्र हे जाहीर करणं जास्त अवघड असतं, कारण ज्याचं काम बदललं तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत येऊन बसणार असतो. त्याच्याबद्दल चार लोकांत काय लिहिलं गेलं, हे त्यानं वाचलेलं असतं, त्याच्या घरच्यांनीही वाचलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात पगारपत्रकं करून देणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. चाकण, रांजणगावचे कारखाने तिचे ग्राहक. आतापर्यंत एकेका ग्राहकाचं सगळं काम एकच माणूस बघायचा: हजेरी घेणं, पगार काढणं, टीडीएस, पीएफ, ईएसआयसी. आता कामाप्रमाणे गट पाडायचे ठरलं आहे. पगार काढणारा गट वेगळा, सरकारी भरणा तपासणारा वेगळा. एका मोठ्या कारखान्याचं काम नऊ वर्षं सांभाळणाऱ्या ज्येष्ठ मॅडम आता भरणा तपासणीच्या गटात जाणार. त्यांच्याकडचे ग्राहक जातील, हाताखालचे तिघेही जातील. पगार तोच राहील. हे सगळं ग्राहकांना कळवायचं काम मॅनेजरचं.

त्याचा पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: 'सेवा अधिक सक्षम करण्यासाठी आम्ही टीमची पुनर्रचना केली आहे. काही सहकाऱ्यांना नव्या संधी देण्यात आल्या आहेत. आपल्या सेवेत कोणताही बदल होणार नाही.'

तीन वाक्यं आणि तिन्ही नडणारी. 'अधिक सक्षम' म्हटलं की कालपर्यंतची टीम कमी पडत होती, हे आपोआप सांगून झालं. 'नव्या संधी' या शब्दांमागे काय आहे, ते कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांना कळतं. तिसरं वाक्य तर सरळ खोटं आहे, कारण पुढच्याच महिन्यात कारखान्याच्या एचआर विभागाला अनोळखी नावाचा मेल जाणार आहे. एकदा ही थाप पकडली गेली की पुढचं आश्वासन कोणी ऐकत नाही.

ग्राहकाला धोरणात रस नसतो. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. पंचवीस तारखेला हजेरीची फाइल कोणाला पाठवायची? ओव्हरटाइममध्ये घोळ झाला तर फोन कोणाला? सात तारखेचा टीडीएस आणि पंधरा तारखेचा पीएफ वेळेत जाईल ना? उशीर झाला की व्याज आणि दंड लागतो, आणि नोटीस येते ती कारखान्याच्या नावानं. म्हणून धीर देणारं वाक्य म्हणजे ज्यात नाव, तारीख आणि फोन नंबर आहे ते. 'आमची बांधिलकी कायम आहे' या वाक्यानं आजवर कोणाचा पगार निघालेला नाही.

जाहीर कधी करायचं, तेही याच तारखा ठरवतात. पंचवीस ते पंधरा हा काळ या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसण्याचा. मोकळीक मिळते ती सोळा तारखेनंतर आठवडाभर. तेव्हा 16 जुलैला कळवायचं. जुलैचा पगार आणि त्याचा भरणा मॅडमच करतील, नवा माणूस शेजारी बसून बघेल. ऑगस्टचा पगार नवा माणूस करेल, मॅडम शेजारी. सप्टेंबरपासून तो एकटा. ग्राहकाला हा क्रम जसाच्या तसा सांगितला, तर वेगळं आश्वासन द्यावंच लागत नाही.

त्याआधीची पायरी मात्र बरेच मॅनेजर गाळतात. मॅडमना हा बदल निवेदनातून कळता कामा नये, हे उघड आहे. पण त्यांच्याबद्दलची वाक्यं त्यांनी आधी वाचलेली असणं आणि हवा तो शब्द बदललेला असणं, हेही तितकंच गरजेचं. त्यांच्याशी बोलणं आधी, मग त्यांच्या तिघांशी, मग बाकी टीमशी, मग मोठ्या ग्राहकांना फोन आणि शेवटी लेखी निवेदन. ही उतरंड एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकावी लागते. चहाच्या टपरीवर बातमी त्याहून लवकर पोहोचते.

मॅडमबद्दल लिहायचं ते असं: 'नऊ वर्षं आपल्या कारखान्याचा पगार ज्यांनी पाहिला, त्या 1 सप्टेंबरपासून आमच्या सर्व ग्राहकांचा पीएफ, ईएसआयसी आणि टीडीएस भरण्यापूर्वी तपासतील. आपल्या पगाराच्या प्रश्नांसाठी आता नव्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा.' यात केलेलं काम आहे, पुढचं काम आहे, आणि कारण नाही. त्यांना गट सांभाळणं जमत नव्हतं की त्यांनीच सुटका मागितली, हा मामला दोघांतला, ग्राहकाचा नाही. बढती नसेल तर बढतीसारखं भासवूही नये. खोटं कौतुक बोचरं असतं, आणि ते सगळ्यांत आधी ज्याचं होतं त्यालाच कळतं.

मोठ्या पातळीवरही हे साधता येतं. 29 मार्च 2018 रोजी सत्या नडेला यांनी मायक्रोसॉफ्टची फेररचना जाहीर केली. विंडोजचं काम राजेश झा आणि स्कॉट गथ्री यांच्या विभागांत वाटलं गेलं आणि विंडोजचे प्रमुख टेरी मायरसन 21 वर्षांनी कंपनी सोडणार होते. नडेलांनी कोणाकडे काय जाणार ते नावानिशी सांगितलं, मायरसन यांचे आभार मानले. मायरसन यांनी स्वतःचं निरोपाचं टिपण वेगळं लिहिलं. आपल्या बदलाबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलायला मिळणं हा मोठा मान असतो. पुण्यातल्या मॅडमनाही चार ओळी स्वतः लिहायच्या असतील, तर त्यांना तेवढी जागा द्यावी.

निवेदन नीट लिहूनही काम फसू शकतं. त्याची खूण मॅडमच्या मोबाइलवर दिसते. सप्टेंबरच्या अखेरीसही कारखान्याचे फोन त्यांनाच येत असतील, तर एक तर नव्या माणसाला काहीतरी दिलेलं नाही, किंवा ग्राहकाचा त्याच्यावर अजून भरवसा नाही. बऱ्याचदा कारण क्षुल्लक निघतं. पोर्टलचा ओटीपी अजून जुन्याच नंबरवर जातो. रात्रपाळीचा भत्ता सुपरवायझरनं व्हॉट्सॲपवर कळवल्याशिवाय धरायचा नाही, ही रीत कुठे लिहिलेलीच नसते, ती मॅडमच्या डोक्यात असते. अशा वेळी मॅडमना 'फोन उचलू नका' असं बजावणारा मॅनेजर दोघांनाही दुखावतो. त्यांनी फोन घ्यावा, नव्या सहकाऱ्याला त्याच फोनवर जोडून घ्यावं, आणि रात्रपाळीची ती रीत त्याच दिवशी कामाच्या फाइलमध्ये लिहून ठेवावी.